विकलेल्या घराच्या फोटोखाली



माहेरचं घर विकायचं ठरलं की लेकीलाही सहीला बोलावणं येतं, कारण वडिलांच्या मागे मुलीही वारस असतात. कागद खरेदीखताचा आहे की हक्कसोडपत्राचा, ते वाचून मगच सही करावी. आणि जमलं तर एक दिवस आधी जावं. घराचा निरोप घ्यायलाही वेळ लागतो.

आमचं घर सोलापूरकडचं, माळवदाचं. अशा घराला राहतं माणूस लागतं. दर उन्हाळ्यात वर पांढरी माती टाकून चोपावी लागते. तसं झालं नाही की गवत रुजतं, भेगा पडतात, पाणी मुरतं आणि तुळया कुजतात. आई गेल्यावर चार पावसाळे घर बंद राहिलं. मधली तुळई वाकली, तेव्हा भावांनी विकायचं ठरवलं. मला पटलं, तरी रडू यायचं ते आलंच.

सामान हलवण्याआधी आम्ही भावंडांनी फोटो काढले. नुसता दाराचा नाही, तर जातं, चूल, देवाचा कोनाडा, सगळं जागच्या जागी असताना. एकदा जातं हललं की तो कोपरा नुसता कोपरा उरतो.

मग फोटोखाली काय लिहायचं? भावाने लिहिलं, ‘आमचं जुनं घर, गोड आठवणी.’ माझ्या मुलीने विचारलं, “कोणत्या आठवणी?” बरोबरच होतं तिचं. ती ओळ कुणाच्याही घराखाली चालली असती. म्हणून आम्ही एकेका फोटोपाशी बसलो आणि तिथे कोण काय करायचं तेवढंच लिहिलं. कोनाड्याखाली लिहिलं : ‘आई भिशीचे पैसे देवामागे ठेवायची. आम्हाला माहीत होतं, हे तिलाही माहीत होतं.’ चौकटीखाली : ‘या रेघा आमच्या उंचीच्या. सगळ्यात वरची धाकट्याची.’

शेवटच्या फोटोखाली काय लिहावं, यावर सगळे अडलो. ‘विकलं’ हा शब्द भावाला नको होता. पण तो गाळला असता तर पुढची मुलं विचारत राहिली असती की घर गेलं कुठे. अखेर लिहिलं : ‘माळवद गळत होतं, राहणारं कुणी नव्हतं, म्हणून आम्ही तिघांनी मिळून हे घर विकलं. फार वाईट वाटलं. याच छपराखाली आम्ही तिघं वाढलो, पोटभर जेवलो, भांडलो. त्याचे उपकार आहेत.’

मोबाइल बिघडला की फोटो जातात, म्हणून थोडे छापून घ्या. मागच्या बाजूला बॉलपेन दाबून लिहू नका, पुढे वळ उठतात. ओळ वेगळ्या कागदावर लिहून फोटोसोबत ठेवा. लिहिताना भावंडांना विचारा. एकाच चुलीची प्रत्येकाची आठवण निराळी निघते, आणि त्या निमित्ताने बोलणंही होतं.