म्युऑन जमिनीपर्यंत पोचतो कसा?

आइन्स्टाइनने 1905 मध्ये मांडलेली विशिष्ट सापेक्षता दोन गृहीतकांवर उभी आहे. एक, एकमेकांच्या सापेक्ष स्थिर वेगाने जाणाऱ्या सर्व जडत्वीय चौकटींत भौतिकीचे नियम सारखेच असतात. दोन, निर्वातातला प्रकाशाचा वेग प्रत्येक निरीक्षकाला तेवढाच मिळतो.

आता एक गणित सोडवू. वातावरणात उंचावर म्युऑन नावाचे कण तयार होतात. स्थिर म्युऑनचे सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद असते. प्रकाशाच्या 0.995 पट वेगाने तो तेवढ्या वेळात जेमतेम 660 मीटर जाईल. तरीही कित्येक म्युऑन जमिनीवर सापडतात.

आधी गॅमा काढा. 0.995 चा वर्ग 1 मधून वजा करा, वर्गमूळ घ्या, त्याने 1 ला भागा. उत्तर येते सुमारे 10. 2.2 ला या गॅमाने गुणले की आपल्या घड्याळाने म्युऑन 22 मायक्रोसेकंद जगतो आणि साधारण 6.6 किलोमीटर अंतर कापतो.

म्युऑनच्या चौकटीत मात्र आयुष्य 2.2 मायक्रोसेकंदच राहते. तिथे आकुंचन पावते ते वातावरण: 6.6 किलोमीटरचे 660 मीटर होतात, तेही फक्त गतीच्या दिशेने.

मुले चुकतात ती गुणायचे की भागायचे इथे. ज्या चौकटीत म्युऑनचा जन्म आणि अंत या दोन्ही घटना एकाच जागी घडतात, तिथला काळ सर्वांत कमी. त्याला गॅमाने गुणा. वस्तू स्थिर असतानाची लांबी सर्वांत जास्त. तिला गॅमाने भागा. गॅमा 1 पेक्षा कमी आला, तर आकडेमोड पुन्हा तपासा.