एकं, दहं, शतं : निर्धन रुग्ण निधीच्या बेरजेची परीक्षा

(वार्षिक सभेत संगणक विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत संगणक विभाग किती नवे संच घेतले आणि किती दुरुस्त केले याचा हिशेब देतो. यंदा तो छापील तक्त्यात आहेच. आज आम्ही एका चुकीविषयी आणि ती पुन्हा घडू नये म्हणून उभारलेल्या व्यवस्थेविषयी बोलणार आहोत. चूक आमच्याच विभागाची होती, तेव्हा ती आम्हीच सांगणे उचित.

धर्मादाय रुग्णालयांस लागू असलेली योजना आपणांस परिचित आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली ही योजना सप्टेंबर २००६ पासून अमलात आली. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या, हा तिचा सर्वज्ञात भाग. दुसरा भाग हिशेबाचा आहे. या दोन गटांखेरीज अन्य सर्व रुग्णांच्या एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम, कोणतीही वजावट न करता, निर्धन रुग्ण निधीच्या स्वतंत्र खात्यात जमा करायची असते. ही रक्कम आमच्या संगणकावरील मासिक अहवालातून निघते. अहवालात एकूण देयके कमी दिसली, तर निर्धनांच्या खात्यात तेवढी रक्कम कमी पडते. आणि ज्यांची पडते ते तक्रार करण्याच्या स्थितीत नसतात.

हा अहवाल कित्येक महिने चुकीचा निघत होता. एका मार्चअखेरीस लेखा विभागाच्या खातेवहीशी तो जुळेना, तेव्हा शोध सुरू झाला आणि एक सोडून तीन दोष हाती लागले.

पहिला दोष असा. कोणे एके काळी या अहवालात ‘प्राप्त रक्कम’ असा स्तंभ हवा, अशी मागणी आली होती. त्यासाठी देयकांच्या तक्त्याला पावत्यांचा तक्ता जोडण्यात आला. ज्या देयकाला एकच पावती, तेथे काही बिघडले नाही. परंतु रुग्णाने दाखल होताना अनामत भरली आणि घरी जाताना उर्वरित रक्कम दिली, की त्या देयकाला दोन पावत्या होतात. जोडणीत ते देयक दोन ओळींत उमटते आणि त्याची संपूर्ण रक्कम दोनदा मोजली जाते. दुसरा दोष त्याच जोडणीतून आला. विमा कंपनीकडून येणे असलेल्या देयकाला त्या क्षणी एकही पावती नसते, म्हणून ते बेरजेतून नाहीसेच होई. तिसरा दोष दिनांकाचा. अहवाल १ तारखेपासून ३१ तारखेपर्यंतची देयके मागत असे. देयकावर दिनांकासोबत वेळही नोंदलेली असते आणि नुसते ‘३१ मार्च’ म्हटले की संगणक त्या दिवसाचा आरंभ, म्हणजे मध्यरात्रीचे शून्य वाजले, असे धरतो. त्यामुळे शेवटच्या दिवसाची देयके गळत. पुढील महिन्याचा अहवाल १ तारखेपासून सुरू होत असल्यामुळे ती तेथेही येत नसत. प्रत्येक महिन्याचा अखेरचा दिवस, असे वर्षाचे बारा दिवस कोणत्याच अहवालात नव्हते.

इतके होऊनही कुणास शंका का आली नाही? एका दोषाने बेरीज वाढत होती, दोन दोषांनी ती घटत होती, आणि बहुतेक महिन्यांत उरलेला फरक डोळ्यांत भरण्याइतका मोठा नसे. आकडा ‘बरोबर वाटत’ असे. मार्चअखेरीस देयकांची गर्दी शेवटच्या दिवशी झाली आणि तोल बिघडला. मागील सर्व महिन्यांची फेरमोजणी करून फरकाची रक्कम निधीच्या खात्यात वर्ग केली आहे.

दुरुस्ती करणे अवघड नव्हते. दुरुस्ती झाली हे कशावरून, आणि उद्या कुणी नवा स्तंभ मागितला की ती पुन्हा बिघडणार नाही हे कशावरून, हा खरा प्रश्न होता. प्रत्यक्ष महिन्याच्या हजारो देयकांची बेरीज हाताने पडताळणे शक्य नसते. म्हणून आम्ही आठ देयकांचे एक लहानसे, काल्पनिक रुग्णालय तयार केले. त्यात कोणत्याही खऱ्या रुग्णाचे नाव वा देयक नाही. त्याची बेरीज आम्हांस आधीच ठाऊक आहे. अहवालाने तीच काढून दाखवायची.

ही आठ देयके निवडताना शाळेतील अंकस्थाने कामी आली. प्रत्येक देयकाला आम्ही स्वतःचे एक स्थान दिले. एकं स्थानी ३ रुपयांचे, एकाच पावतीचे साधे देयक. दहं स्थानी २० रुपयांचे, ८ आणि १२ रुपयांच्या दोन पावत्यांचे. शतं स्थानी ४०० रुपयांचे, ३१ मार्चच्या सायंकाळी साडेपाचचे. सहस्र स्थानी १,००० रुपयांचे, एकही पावती नसलेले. ही चार देयके साधारण रुग्णांची आहेत आणि ती मोजली गेलीच पाहिजेत. उरलेली चार मोजता कामा नयेत : १ एप्रिलच्या ठोक मध्यरात्रीचे २०,००० चे, रद्द केलेले ३ लाखांचे, दुर्बल घटकातील रुग्णाचे १० लाखांचे आणि निर्धन रुग्णाचे २ कोटींचे. या शेवटच्या रकमेवर लेखा विभागात बराच हशा पिकला. पण ते देयक चुकून बेरजेत शिरले, तर ते लपणार नाही, हा त्यातील हेतू.

योग्य उत्तर १,४२३ रुपये आणि त्याचे दोन टक्के २८ रुपये ४६ पैसे. कोणताही अंक चारापेक्षा मोठा नसल्याने देयक दुप्पट मोजले गेले तरी हातचा येत नाही. परिणामी चुकीची बेरीज स्वतःच दोष सांगते. जुना अहवाल या देयकांवर चालविला तेव्हा उत्तर आले ४३. एकं स्थानी ३ बरोबर आहे. दहं स्थानी २ ऐवजी ४, म्हणजे दोन पावत्यांचे देयक दोनदा. शतं स्थान रिकामे, म्हणजे महिनाअखेरचा दिवस गळला. सहस्र स्थान रिकामे, म्हणजे पावती नसलेले देयक हरवले. तिन्ही दोष एका आकड्यात वाचता आले. सर्व देयके हजार-हजार रुपयांची ठेवली असती, तर एक दुप्पट आणि एक गहाळ देयक बेरजेत परस्परांना झाकून गेले असते.

सुधारलेल्या अहवालात बेरजेचा पावत्यांशी संबंध तोडला असून महिन्याची सीमा पुढील महिन्याच्या १ तारखेच्या ‘आत’ अशी धरली आहे :

```sql
SELECT COALESCE(SUM(gross), 0)
FROM bills
WHERE category = 'GENERAL' AND status = 'FINAL'
  AND bill_date >= '2025-03-01'
  AND bill_date <  '2025-04-01'
```

आणि त्याची परीक्षा घेणारा मजकूर एवढाच आहे :

```python
def test_march_ipf(sample_db):
    r = ipf_report(sample_db, 2025, 3)
    assert r.gross == Decimal("1423.00")
    assert r.ipf == Decimal("28.46")
```

येथील `sample_db` म्हणजे ती आठ देयके. प्रत्येक वेळी ती नव्याने भरली जातात आणि परीक्षा संपताच पुसली जातात. खऱ्या नोंदींना हात लागत नाही. मात्र ती भरायची ती रुग्णालयात वापरात असलेल्या त्याच प्रकारच्या माहितीसंचात. दिनांकांची तुलना आणि पैशांची पूर्णांकता यांबाबत निरनिराळ्या माहितीसंचांचे वर्तन एकसारखे नसते.

अपेक्षित उत्तर कोठून आणायचे, याबाबत आम्ही अतिशय काटेकोर राहिलो. अहवाल एकदा चालवून जो आकडा येईल तोच ‘अपेक्षित’ म्हणून लिहून ठेवण्याचा मोह प्रत्येक आज्ञावलीकारास होतो. तसे केल्यास परीक्षार्थ्यानेच उत्तरपत्रिका तपासल्यासारखे होते. आमच्याकडे लेखा विभागातील भगिनींनी योजनेचा मजकूर समोर ठेवून कागदावर बेरीज केली आणि तो कागद स्वाक्षरीसह फाइलला लावला. त्यानंतरच आकडा परीक्षेत लिहिला गेला.

या कागदी बेरजेच्या वेळीच एक मतभेद उघड झाला. आमच्या एका सहकाऱ्याचे म्हणणे होते की, १,००० रुपये अद्याप हाती आले नाहीत, तर ते का मोजावेत? लेखा विभागाने दाखवून दिले की, योजनेत वसुलीचा नव्हे, तर देयकांचा उल्लेख आहे. जुना अहवाल लिहिणाऱ्याच्या मनातही बहुधा हाच गैरसमज असावा.

पैशांच्या पूर्णांकतेसाठी दुसरी एक छोटी परीक्षा लिहावी लागली. २५ रुपये २५ पैशांची तीन देयके घेतली. प्रत्येकाचे दोन टक्के काढून नेहमीच्या रीतीने पैशांत पूर्ण केल्यास तीनदा ५१, म्हणजे १ रुपया ५३ पैसे होतात. आधी बेरीज करून मग दोन टक्के काढल्यास १ रुपया ५२ पैसे. आम्ही बेरजेवर एकदाच पूर्ण करायचे ठरविले आणि १.५२ हे उत्तर परीक्षेत नोंदविले.

परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे ती जागरूक आहे, असेही नव्हे. म्हणून आम्ही मुद्दाम दोष परत घालून पाहिले. जुनी दिनांकसीमा घातली, उत्तर १,०२३ आले आणि परीक्षा नापास झाली. पावत्यांची जुनी जोडणी घातली, उत्तर ४४३ आले, पुन्हा नापास. रद्द देयकांची अट काढली तेव्हा ३,०१,४२३ आले. प्रत्येक दोषाला लाल अक्षरे उमटलेली पाहूनच आम्ही काम पुरे झाले असे मानले. आता अहवालात एका अक्षराचा बदल झाला तरी, तो मुख्य संगणकावर जाण्यापूर्वी या परीक्षा आपोआप चालतात. त्यांना काही सेकंद लागतात.

या व्यवस्थेला एक गोष्ट दिसत नाही, आणि ती सांगितल्याविना हे भाषण पुरे होणार नाही. नोंदणी खिडकीवर साधारण रुग्णाच्या पुढे ‘दुर्बल घटक’ अशी खूण पडली किंवा निर्धन रुग्णाची खूण राहून गेली, तर आठ काल्पनिक देयकांना त्याचा पत्ता लागत नाही. अहवाल चुकीच्या नोंदींची अचूक बेरीज करील. त्यासाठी दरमहा ५ तारखेच्या आत लेखा विभाग खातेवहीतील देयकांची बेरीज अहवालाशी ताडून पाहतो आणि समाजसेवा विभाग निर्धन व दुर्बल रुग्णांची यादी कागदपत्रांशी जुळवितो. गेल्या महिन्याच्या ताळ्यात अशी दोन देयके सापडली. दोन्हींची खूण दुरुस्त केली असून एका कुटुंबाने भरलेली रक्कम त्यांस परत देण्यात आली आहे.