सरांना लिहिलेली दुसरी मेल



आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुलं आता परदेशी शिकायला निघाली आहेत. शिक्षकांकडे शिफारसपत्र मागायची वेळ घरोघरी येणार, म्हणून माझी फजिती सांगते.

लातूरची शाळा संपवून मी नांदेडला, विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग केलं. चाळिशीत अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं ऑनलाइन एम.एस. करायचं ठरवलं. तीन पत्रं हवी होती. दोन ऑफिसातून मिळाली. तिसऱ्यासाठी प्रोजेक्टच्या सरांना मेल केली : "आदरणीय सर, मी आपली विद्यार्थिनी. उच्च शिक्षणासाठी शिफारसपत्र हवे आहे. कृपया लवकरात लवकर द्यावे, ही नम्र विनंती."

अकरा दिवस उत्तर नाही. मला रागच आला. मग मीच मेल पुन्हा वाचली, तर खाली सासरचं आडनाव! सरांनी ओळखावं तरी कसं? शिवाय कशासाठी, कधीपर्यंत, काय लिहायचं, यातलं काहीच नव्हतं.

दुसरी मेल अशी होती :

"सर, मी २००३ च्या बॅचची. माहेरचं आडनाव आणि तेव्हाचा ग्रुप फोटो सोबत आहे. आमचा प्रोजेक्ट कॉलेजच्या वेळापत्रकाचा होता. प्रोग्रामने तुम्हालाच एका तासाला दोन वर्गांवर पाठवलं होतं. ती चूक मी शोधली आणि तो भाग आठ दिवसांत नव्याने लिहिला. चूक कशी शोधली, हे तुम्ही तोंडी परीक्षेत विचारलं होतं. तेवढ्यावरच एक पान लिहाल का? १५ तारखेपर्यंत हवं आहे. विद्यापीठाची लिंक थेट तुम्हाला येईल. त्यात काही प्रश्नांवर टिचक्या मारायच्या आणि पत्र जोडायचं. आठवत नसेल किंवा जमणार नसेल तर 'नाही' एवढंच कळवा, मी दुसरी सोय करीन."

त्याच संध्याकाळी सरांचा फोन! "अगं, ती दोन वर्गांवाली तू होय! तूच लिहून पाठव, मी सही करतो."

मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण सरांचं पत्र मी पाहणार नाही, असं अर्जात कबूल केलं होतं. आणि माझ्याच भाषेतलं पत्र त्यांच्या नावाने गेलं, तर त्यात सरांचं मत कुठे उरलं? मी प्रोजेक्ट रिपोर्टची चार पानं आणि गुणपत्रिका पाठवली. सर म्हणाले, "मग मी तेव्हाचंच लिहीन. पुढच्या वीस वर्षांचं मला काय ठाऊक?" ते बरोबरच होतं. नोकरीतलं सांगायला ऑफिसची दोन पत्रं होतीच.

तरी १२ तारखेपर्यंत पत्र पोचलं नव्हतं. फोन केला तर लिंक सरांच्या स्पॅममध्ये पडलेली. नातवाने ती शोधून दिली आणि १३ तारखेला पत्र गेलं. त्यात काय लिहिलं, ते सरांनी अजून सांगितलेलं नाही.