दिवस राहिले म्हणून फेपऱ्याची गोळी बंद करू नका



पाळणा लांबवणे, तांबी, नसबंदी या गोष्टी आपण या बैठकांतून नेहमी बोलतो. आज त्याच विषयातला एक भाग घेऊन आले आहे, जो सहसा कोणी उघड बोलत नाही. ज्या घरात सुनेला फेपरे आहे, कोणी त्याला मिरगी म्हणते, कोणी फिट, कोणी आकडी, त्या घरात तिला दिवस राहिले की पहिला प्रश्न निघतो तो गोळीचा. शेजारीण सांगते, ‘अगं, ती गोळी गरम असते, पोरगं लुळं होईल.’ सासूबाई घाबरतात, नवरा घाबरतो, आणि कोणाला न विचारता गोळी बंद होते. करणाऱ्यांच्या मनात बाळाचे भलेच असते. पण बहुतेक वेळा बाळाला आणि आईला खरा धोका त्या बंद करण्यातच असतो. तो कसा, ते नीट ऐकून घ्या.

फेपऱ्याची गोळी म्हणजे तापाची गोळी नव्हे, की ताप उतरला आणि काम संपले. मेंदूत मधूनमधून उसळणारी विजेसारखी खळबळ ही गोळी रोज दाबून धरते. वर्षभर गोळी चालू असली की मेंदूला तिची सवय होते. एकदम काढून घेतली की दाबलेली उसळी दुप्पट जोराने वर येते. अशी फिट पूर्वीपेक्षा मोठी असू शकते, आणि कधीकधी एक संपते न संपते तोच दुसरी येते, मध्ये बाई शुद्धीवर येतच नाही. मोठ्या फिटमध्ये श्वास काही वेळ अडतो, रक्तातला प्राणवायू कमी होतो. पोटातल्या बाळाला जे मिळते ते आईच्या रक्तातूनच, त्यामुळे तेही गुदमरते. शिवाय आपल्या बायांचे काम चुलीपाशी, विहिरीवर, नदीवर, शेताच्या बांधावर. तिथे शुद्ध हरपली म्हणजे काय होते, ते मी सांगायला नको. एखादी लहानशी फिट आली म्हणून बाळ दगावतेच असे नाही, हेही खरे. पण गोळी तोडल्यावर येणारी फिट लहान असेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

आता गोळीने बाळाला अपाय होतो का? काही गोळ्यांनी होऊ शकतो, हे मी लपवणार नाही. पण तो कधी होतो ते पाहा. बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदूची नळी मिटते ती गर्भ धरल्यापासून साधारण चार आठवड्यांत. म्हणजे पाळी चुकली हे लक्षात येऊन जेमतेम पंधरवडा झालेला असतो. हृदय, ओठ, टाळू हेही तिसरा महिना भरण्याच्या आत जवळजवळ घडून जातात. आपल्याकडे दिवस राहिल्याची बातमी घरात पक्की होते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. त्या वेळी गोळी बंद करून कण्याचे किंवा हृदयाचे जे घडायचे ते उलटत नाही. बाळाचा तो फायदा तर हाती लागत नाहीच, वर फिटचा धोका मात्र पुरा पदरात पडतो.

आमच्या भागातली एक हकीगत सांगते. नावगाव सांगत नाही. बाई तेवीस वर्षांची, लग्नाला दुसरे वर्ष. रात्री झोपताना फिनोबार्बिटोनची ६० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यायची. दोन वर्षांत एकही फिट नव्हती, म्हणून घरच्यांना वाटे की दुखणे गेलेच. पाळी चुकून दोन महिने झाले आणि घरात गोळी बंद करायचे ठरले. पहिले पाच दिवस काही झाले नाही. ‘बघा, उगाच खात होती,’ असेही कोणी म्हणाले. पण ही गोळी अंगातून फार सावकाश उतरते, म्हणून ते पाच दिवस फसवे होते. आठव्या दिवशी पहाटे पाणी तापवताना तिला मोठी फिट आली. हात भाजला. घरच्यांनी कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, दातखीळ उघडायला चमचा घातला, त्याने दात मोडला. तासाभरात दुसरी फिट, मग तिसरी. तेव्हा कुठे १०८ ची गाडी बोलावली.

जिल्ह्याच्या रुग्णालयात शिरेतून औषध देऊन फिट थांबवल्या आणि तीच जुनी गोळी परत सुरू केली. नवऱ्याने डॉक्टरांना विचारले, ‘साहेब, दुसरी चांगली गोळी नाही का?’ डॉक्टर म्हणाले, ‘आहे. पण ती बदलायची वेळ आधीची होती. आता मध्येच अदलाबदल केली तर पुन्हा फिट येतील. मूल होऊ द्या, मग बघू.’ सोबत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिली. पाचव्या महिन्यात बाळाचे अवयव पाहणारी सोनोग्राफी झाली, त्यात काही दोष दिसला नाही. बाळंतपण रुग्णालयात झाले, मुलगी झाली, वजन २ किलो ६०० ग्रॅम. आईच्या या गोळीने बाळात रक्त गोठवणारे जीवनसत्त्व कमी पडू शकते, म्हणून जन्मताच मुलीला ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले. पहिले दोन-तीन दिवस ती जरा सुस्त होती, उठवून उठवून पाजावे लागले. पुढे छान झाली.

आता एका गोळीचे वेगळे सांगते, कारण तिथे गफलत चालत नाही. तुमच्या पाकिटावर ‘सोडियम व्हॅल्प्रोएट’ किंवा ‘डायव्हॅल्प्रोएक्स’ लिहिले आहे का, ते आज घरी जाऊन पाहा. वाचता येत नसेल तर आशाताईला दाखवा. कोणत्याही आयांच्या १०० बाळांत दोन-तीन बाळांना जन्मजात मोठे व्यंग असते. ही गोळी घेणाऱ्या आयांत ते सुमारे १० बाळांना असते, आणि पुढे बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. मूल हवे असेल तर ही गोळी आधीच बदलून घेतलेली बरी. पण ही गोळी चालू असताना दिवस राहिलेच, तरी घरच्या घरी तोडायची नाही. त्याच आठवड्यात मोठ्या डॉक्टरांकडे जायचे, आणि तोवर रोजची गोळी चालू ठेवायची. कमी करायची, बदलायची की ठेवायची, हे ते तिच्या फिटचा प्रकार पाहून ठरवतील. लेव्हेटिरासिटॅम आणि लॅमोट्रिजिन या गोळ्या गरोदरपणात यापेक्षा पुष्कळ सुरक्षित आहेत. त्या घेणाऱ्या आयांच्या बाळांत व्यंगाचे प्रमाण साधारण इतर बाळांइतकेच असते. एकंदरीत, फेपरे असलेल्या दहातल्या नऊहून अधिक बायांना धडधाकट मूल होते.

नऊ महिन्यांत गोळी न तोडताही फिट येऊ शकते, आणि त्याची कारणे बहुधा घरातच सापडतात. एक म्हणजे उलट्या. गोळी घेतल्याबरोबर उलटून बाहेर पडलेली दिसली तर परत घ्यावी. बराच वेळाने उलटी झाली असेल तर परत घेऊ नये, सिस्टरला विचारावे, आणि रोज असे होत असेल तर उलटीचे औषध मागून घ्यावे. दुसरे जागरण. लग्नघरातली, गोंधळाची, भजनाची जागरणे या बाईला नकोत, आणि कडक उपासही नकोत. सासूबाईंनी एवढे मनावर घेतले तर अर्धे काम होते. तिसरे असे की गरोदरपणात काही गोळ्यांचा रक्तातला अंश खाली उतरतो, म्हणून डॉक्टर गोळी वाढवतात. तेव्हा ‘आता जास्तच विष घालायला लागले’ असे म्हणू नका. अंगात गोळी तेवढीच राहावी म्हणून ती वाढवलेली असते.

पाचवा महिना उलटल्यावर फिट आली, तर जुने फेपरेच असेल असे धरून घरी बसू नका. पाय-तोंड सुजणे, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि मग झटके, हा गरोदरपणात वाढलेल्या रक्तदाबाचा आजार असू शकतो. त्याचे औषध वेगळे आहे आणि ते रुग्णालयातच मिळते. म्हणून दर तपासणीला रक्तदाब मोजून कार्डावर लिहून घ्या.

आणि फिट आलीच तर काय करायचे? बाईला डाव्या कुशीवर वळवा, आजूबाजूची विळी, चूल, दगड दूर करा, डोक्याखाली काही मऊ ठेवा. तोंडात काही घालायचे नाही, पाणीसुद्धा नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. घड्याळाकडे पाहा. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी फिट आली, तर १०८ ला फोन करा. गरोदर बाईची फिट थांबली तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवायचे.

बाळंतपणानंतरही गोळी चालूच राहते. बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही. फक्त रात्रीची झोप मोडू नये म्हणून रात्रीचे एखादे पाजणे घरातल्या दुसऱ्या कोणी वाटी-चमच्याने, काढून ठेवलेल्या दुधावर भागवावे. बाळाला पलंगावर नव्हे, जमिनीवर अंथरूण घालून त्यावर बसून पाजावे, आणि अंघोळ घालताना जवळ कोणीतरी असावे.

आता आपल्या मूळ विषयाकडे येते. फिनोबार्बिटोन, फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन या फेपऱ्याच्या गोळ्या पाळणा लांबवण्याच्या गोळीचे, म्हणजे माला-एनचे बळ कमी करतात. रोज नेमाने माला-एन घेऊनही दिवस राहू शकतात, आणि मग दोष बिचारीच्या विसरभोळेपणाला दिला जातो. या बायांनी तांबी बसवून घ्यावी, किंवा दर तीन महिन्यांनी मिळणारे ‘अंतरा’ इंजेक्शन घ्यावे. या दोन्हींवर फेपऱ्याच्या गोळीचा परिणाम होत नाही. कुटुंबनियोजनाचे साधन घेताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सिस्टरपुढे ठेवा.

मघाच्या त्या बाईने मुलीनंतर तांबी बसवून घेतली. मुलगी दोन वर्षांची झाल्यावर नवरा-बायको दोघे जिल्ह्याच्या रुग्णालयात गेले आणि दुसरे मूल हवे असल्याचे त्यांनी आधीच सांगितले. डॉक्टरांनी लेव्हेटिरासिटॅम सुरू केली आणि मग जुनी गोळी कित्येक आठवड्यांत, थोडी थोडी करून उतरवली. त्या काळात तिला विहिरीवर आणि चुलीपाशी एकटे सोडायचे नाही, असे नवऱ्याला बजावले होते, आणि त्याने ते पाळले. सहा-सात महिने फिट आली नाही, फॉलिक अ‍ॅसिड तीन महिने पोटात गेले, आणि मगच तांबी काढली.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी असे असेल, तर बैठक संपल्यावर मला किंवा आशाताईला बाजूला घेऊन सांगा. दिवस राहिलेले असतील तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, तिथे गोळ्यांचे पाकीट घेऊन या. पण गोळी बंद झालेलीच असेल, तर ९ तारखेची वाट पाहू नका, उद्या सकाळीच या.