टक्क्यांची वाढ आणि टक्क्यांतील फरक



शाळेच्या अहवालांत, जनगणनेच्या पुस्तकांत आणि वृत्तपत्रांत ‘अमुक टक्के वाढ झाली’ असे वाक्य वारंवार आढळते. मोजमाप रुपयांचे किंवा विद्यार्थ्यांच्या संख्येचे असेल, तर त्याचा अर्थ स्पष्ट असतो. परंतु जे मोजावयाचे तेच मुळात शेकडा प्रमाण असेल, तर त्या एका वाक्याचे दोन अर्थ संभवतात.

मुंबई उपनगर जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे या जिल्ह्याचे तीन तालुके. घाटकोपर व मुलुंड ही स्थळे कुर्ला तालुक्यात येतात. जनगणनेप्रमाणे येथील साक्षरतेचे प्रमाण २००१ साली शेकडा ८६.९ होते, ते २०११ साली शेकडा ८९.९ झाले. हे प्रमाण सात वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांपुरते काढलेले असते.

दहा वर्षांत वाढ किती झाली? ८९.९ मधून ८६.९ वजा केले की ३ उरतात. ही वजाबाकी झाली. तिला ‘३ टक्केबिंदूंची वाढ’ म्हणावे. आता मूळ प्रमाणाच्या मानाने वाढ काढावयाची, तर ३ ला ८६.९ ने भागून शंभराने गुणावे. उत्तर सुमारे ३.५ येते. ही ‘३.५ टक्क्यांची वाढ’ होय. पहिल्या रीतीत केवळ फरक आहे. दुसरीत त्या फरकाची मूळ आकड्याशी तुलना आहे.

अहवालात नुसते ‘साक्षरता ३ टक्क्यांनी वाढली’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याने काय समजावे? ८६.९ मध्ये ३ मिळविले तर ८९.९ होतात, ८६.९ चे शेकडा ३ काढून मिळविले तर ८९.५ होतात. येथे अंतर थोडे आहे, म्हणून चूक सहज लपते. मूळ प्रमाण लहान असले म्हणजे ती लपत नाही. समजा, एखाद्या शाळेतील गळतीचे प्रमाण शेकडा ४ वरून शेकडा ६ वर गेले. ही वाढ २ टक्केबिंदूंची आहे, आणि तीच ५० टक्क्यांचीही आहे. एक आकडा ऐकून पालक निश्चिंत होईल, तर दुसरा ऐकून घाबरेल. दोन्ही आकडे खरे असले तरी ४ आणि ६ सांगितल्याखेरीज खरी स्थिती कोणालाच कळणार नाही.

उपनगरचेच आकडे आता उलट बाजूने पाहावेत. निरक्षरतेचे प्रमाण शेकडा १३.१ वरून १०.१ वर आले. फरक पुन्हा ३ टक्केबिंदूंचाच आहे; परंतु ३ ला १३.१ ने भागले की सुमारे २३ टक्क्यांची घट दिसते. म्हणजे साक्षरतेच्या बाजूने पाहिले तर ३.५ टक्के वाढ, आणि निरक्षरतेच्या बाजूने पाहिले तर २३ टक्के घट. घडलेली गोष्ट मात्र एकच. छेद बदलला की टक्के बदलतात, टक्केबिंदू बदलत नाहीत. येथे आणखी एक सावधगिरी हवी. निरक्षरांचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटले म्हणून निरक्षरांची संख्याही तितकीच घटली, असे ठरत नाही. कारण त्या काळात एकंदर लोकसंख्याही वाढली होती.

लोकसंख्येच्या आकड्यांत हा घोटाळा विशेष होतो. १९९१ ते २००१ या दशकात या जिल्ह्याची लोकसंख्या २७.९९ टक्क्यांनी वाढली, तर पुढील दशकात ८.२९ टक्क्यांनी. वाढीचा दर १९.७ टक्केबिंदूंनी, म्हणजे सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. घाईने वाचणारा ‘लोकसंख्या ७० टक्क्यांनी घटली’ असे म्हणून बसेल. वास्तविक ती ८६ लाख ४० हजारांवरून ९३ लाख ५७ हजारांच्या आसपास गेली, म्हणजे सात लाखांहून अधिक वाढली. उतरला तो वेग. लोक कमी झाले नाहीत.

वर्गात हा भेद शिकविताना उपस्थितीचे उदाहरण सोयीचे पडते. फळ्यावर लिहावे : उपस्थिती शेकडा ८० होती, पावसाळ्यात ६० झाली, पुढे पुन्हा ८० झाली. उतरताना २० टक्केबिंदू, चढतानाही २० टक्केबिंदू. टक्क्यांत मात्र उतरताना २५ आणि चढताना ३३⅓. असे का, हे मुलांनाच विचारावे. पहिल्या वेळी छेद ८० होता, दुसऱ्या वेळी ६० आहे, हे उत्तर त्यांच्याकडूनच येऊ द्यावे.

अहवाल लिहिताना प्रथम दोन्ही प्रमाणे वर्षांसह द्यावीत आणि मग फरक टक्केबिंदूंत सांगावा. टक्क्यांत वाढ सांगावयाची असल्यास ती कोणत्या आकड्याच्या मानाने काढली, हे त्याच वाक्यात लिहावे. दुसऱ्याचा अहवाल वाचताना ‘कशाचे टक्के?’ असे विचारावे. आणि मूळ आकडे दिलेले नसतील, तर ते मिळेपर्यंत त्या वाढीवरून कोणताही निष्कर्ष काढू नये.