भिंतीला पोट आलं त्या रात्री

नोकरीला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. कोकणातल्या एका उतारावरच्या वस्तीतून रात्री फोन आला, "साहेब, भिंतीला पोट आलंय."

आमच्या मुकादमांना घेऊन मी तिथे पोहोचलो. भिंत काळ्या दगडाची, चार मीटर उंच. खाली दोन घरं, वर एक. पाऊस कोसळत होता, तरी भिंतीतल्या सहा भोकांपैकी एकातूनच पाणी ठिबकत होतं. बाकीची पाच कोरडी! ते पाहून मला धस्स झालं. मागची माती कोरडी असेल, तर अशा भिंतीच्या मीटरभर लांबीवर साधारण पाच टनांचा रेटा येतो. तीच माती पाण्याने तुडुंब भरली, की तो दहा टनांच्या वर जातो. म्हणजे त्या रात्री आत पाणी कोंडलं होतं.

भिंत नुसती फुगलेली आहे की अजून सरकते आहे, हे डोळ्यांना कळत नाही. मुकादमांनी वरून एक काठी पुढे काढून ओळंबा सोडला. वाऱ्याने तो झुलू नये म्हणून त्याचा गोळा पाण्याच्या बादलीत बुडवला. दहा वाजता दोरी आणि भिंतीचं पोट यांत सहा सेंटिमीटर अंतर होतं. अकराला साडेपाच, बाराला चार. पहिल्या तासात अर्धा सेंटिमीटर, दुसऱ्यात दीड. वेग वाढतोय म्हटल्यावर मी थांबलो नाही. खालची दोन्ही घरं रिकामी केली. वर पाहिलं तर अंगणात भिंतीला समांतर बोटभर रुंद भेग गेलेली, म्हणून तेही घर रिकामं केलं. भेगेवर ताडपत्री टाकून वरचं पाणी बाजूला वळवलं.

पहार घालून भोकं मोकळी करावीत, असं मला वाटलं होतं. मुकादमांनी माझा हात धरला. "आता तिच्यापुढे उभं राहायचं नाही, साहेब." त्यांचं खरं होतं. दगडी भिंत शेवटच्या क्षणी सावध करत नाही. साडेतीनच्या सुमाराला ती एका दमात बसली.

सकाळी राडारोडा उपसताना कारण सापडलं. खालच्या अंगणात गढूळ पाणी येतं म्हणून कुणीतरी तीन भोकं सिमेंटने लिंपली होती. उरलेल्यांच्या मागे दगडगोट्यांचा थरच नव्हता, त्यामुळे त्यांत चिखल बसला होता. नव्या भिंतीमागे आम्ही हातभर जाडीची दगडभरणी केली, बाहेरच्या बाजूला उतार देऊन पाइप बसवले आणि वर गटार काढलं.

तुमच्या भिंतीची भोकं आत्ताच, पाऊस सुरू व्हायच्या आधी, काठीने मोकळी करा. मुसळधार पावसात ती कोरडी दिसली किंवा त्यांतून माती येऊ लागली, तर खाली झोपू नका. त्या वस्तीतल्या एक आजी दर पावसाळ्यात पहिल्या सरीला भोकं मोजतात आणि मला फोनवर सांगतात, "सगळी चालू आहेत हो."