पेढीचे नाव बदलताना
(आपल्या संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात, अंधेरी येथे केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबांची दुकाने, कारखाने आणि पेढ्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाने चालत आल्या आहेत. आता मुले कारभार हाती घेत आहेत, भागीदार निवृत्त होत आहेत, आणि नाव बदलण्याचा प्रसंग घरोघरी येत आहे. नवे नाव कोणते घ्यावे, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. ते जुन्या गिऱ्हाइकांना कसे कळवावे, एवढ्याच विषयावर मी बोलणार आहे. या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्लेली असल्यामुळे हा अधिकार मी घेतो.

आरंभी एक मोठे उदाहरण घेऊ. यू.टी.आय. बँक १९९४ साली सुरू झाली. पुढे यू.टी.आय. हे नाव लावणाऱ्या इतरही संस्था होत्या, त्यांचा या बँकेशी संबंध उरला नव्हता आणि ते नाव वापरण्याची तिची मुदतही संपत आली होती. म्हणून ३० जुलै २००७ रोजी ती ॲक्सिस बँक झाली. नावाखेरीज सर्व काही पूर्ववत आहे, हाच तिच्या जाहिरातींचा सूर होता. नव्या नावाचा अर्थ किंवा चिन्हाचे सौंदर्य यांचे विवेचन ठेवीदाराला नको असते. माझी ठेव कोठे आहे, माझा खातेक्रमांक तोच आहे काय, हे त्याला हवे असते. बँकेने बोलण्याप्रमाणे करूनही दाखविले. त्या बँकेच्या शाखांचे आय.एफ.एस.सी. सांकेतिक क्रमांक आजही UTIB या जुन्या अक्षरांनीच सुरू होतात. ज्या गोष्टीला हात लावण्याचे कारण नव्हते, तिला हात लावला गेला नाही.

परंतु सर्वांनाच ही सोय नसते. आपल्या उपनगरांत देना बँकेची खाती अनेकांची होती. 'देना' हे नावसुद्धा देवकरण नानजी यांच्या नावातील अक्षरांवरून घडलेले. ही बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली. येथे केवळ पाटी बदलली नाही, शाखांचे सांकेतिक क्रमांकही बदलले. BKDN ने सुरू होणारे जुने क्रमांक १ मार्च २०२१ पासून बंद झाले. म्हणजे मधला काळ जवळजवळ दोन वर्षांचा होता.

एवढा काळ कशासाठी? ग्राहकाने आपला क्रमांक किती ठिकाणी देऊन ठेवला आहे, हे बँकेला ठाऊक नसते. पगार देणाऱ्या कचेरीत, लाभांश देणाऱ्या कंपनीत, भाडेकऱ्याकडे, परगावच्या मुलाकडे तो लिहिलेला असतो. यांतला लाभांश वर्षातून एकदाच यायचा. सहा महिन्यांत जुना क्रमांक बंद केला असता, तर पुष्कळांना चूक तेव्हाच कळली असती जेव्हा पैसे परत गेले असते. यास्तव संक्रमणकाल आपल्या सोयीने ठरवू नये. ग्राहकाकडे असलेला सर्वांत दीर्घ मुदतीचा कागद किती महिन्यांनी पुन्हा बाहेर निघतो, ते पाहावे आणि त्याहून थोडा अधिक काळ द्यावा.

आता माझी ठेच सांगतो. घाटकोपरला पाणी शुद्ध करण्याच्या घरगुती यंत्रांच्या देखभालीचा आमचा लहानसा व्यवसाय आहे. वर्षाचे पैसे आगाऊ भरलेली सुमारे ६०० घरे आमच्याकडे आहेत. वडिलांचे भागीदार निवृत्त झाले, पेढीच्या नावात त्यांचे आडनाव होते, ते त्यांच्याबरोबर गेले. भागीदारी मात्र चालूच राहिली. मी मोठ्या हौसेने पत्र छापले. अर्धे पान वडिलांच्या कष्टांचे, त्याखाली नव्या चिन्हाचा अर्थ, आणि अगदी शेवटी एक ओळ, की चालू करार पूर्ववत राहतील. आठ दिवसांत दूरध्वनी खणाणू लागला. "जुनी पेढी बुडाली काय? आम्ही भरलेल्या पैशांचे काय?" मुलुंडच्या एका वृद्ध बाईंनी आमच्या माणसाला दारातूनच परत पाठविले, कारण त्याच्या ओळखपत्रावरचे नाव त्यांना अनोळखी होते. त्यांनी केले ते योग्यच होते.

मग दुसरे पत्र धाडले. ते पाच वाक्यांचे होते. पहिल्या वाक्यात जुने नाव, नवे नाव आणि तारीख. दुसऱ्यात, आपला करार, भरलेले पैसे, येणारा माणूस आणि आमचा दूरध्वनी क्रमांक तेच आहेत. तिसऱ्यात, आपल्याला काहीही करावयाचे नाही. चौथ्यात, आम्ही या निमित्ताने पैसे, बँकेची माहिती किंवा ओ.टी.पी. मागणार नाही, कोणी मागितल्यास आमच्या जुन्याच क्रमांकावर विचारावे. नाव बदलल्याचे कारण सर्वांत शेवटी, एका वाक्यात. हा चौथा मुद्दा आजच्या काळात सोडू नका. नाव बदलल्याची बातमी लबाडांनाही कळते.

करार वर्षाचे असल्यामुळे आम्ही पंधरा महिने पावतीवर नव्या नावाखाली "पूर्वीचे" म्हणून जुने नाव छापले. दूरध्वनी घेतानाही दोन्ही नावे उच्चारली. जुन्या नावाचे धनादेश किती काळ वटतील, हे मात्र बँकेला आधीच विचारून ठेवावे. पॅन तोच राहणार असेल तर जी.एस.टी. क्रमांकही तोच राहतो, केवळ नोंदीत नाव दुरुस्त करून घ्यावे लागते. पॅन बदलत असेल तर नवी नोंदणी लागते, आणि मग व्यापारी ग्राहकांना नवा क्रमांक पहिल्याच वाक्यात कळविला पाहिजे. तेथे "सर्व पूर्ववत" म्हणणे खोटे ठरेल.

आणखी एक सावधगिरी आहे. आपल्या उपनगरांतील मोठ्या भागाचा वीजपुरवठा ऑगस्ट २०१८ मध्ये रिलायन्सकडून अदानीकडे गेला. तार तीच, मीटर तोच, देयकावरचे नाव नवे. सप्टेंबरमध्ये नियामक आयोगाने वीजदर सुधारले. पुढे वाढलेल्या देयकांबद्दल तक्रारी झाल्या, आणि डिसेंबरमध्ये आयोगाने कंपनीकडे खुलासा मागितला. दर आयोग ठरवितो हे खरे, तथापि पाटी बदलल्यावर रक्कमही वाढलेली पाहणारा माणूस दोहोंची गाठ घालतोच. म्हणून नाव बदलल्यानंतरचे दोन-तीन महिने दर वाढवू नयेत. वाढविणे अपरिहार्यच असेल तर त्याचे पत्र वेगळे, कारणासहित आणि आधी पाठवावे.

आपले पत्र साधले की फसले, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. पहिला महिनाभर दूरध्वनीजवळ वही ठेवा आणि प्रत्येक प्रश्न लिहून घ्या. "नव्या नावाचा अर्थ काय?" असे लोक विचारू लागले तर निश्चिंत असा. "आमच्या पैशांचे काय?" हा प्रश्न पुनःपुन्हा आला तर पत्राचे पहिले वाक्य चुकले आहे, ते बदलून पुन्हा पाठवा. आमच्या वहीत दुसऱ्या पत्रानंतर तो प्रश्न क्वचितच आला. मुलुंडच्या बाईंनी पुढच्या वर्षी करार चालू ठेवला, धनादेश मात्र जुन्याच नावाने लिहिला. बँकेला आधी विचारून ठेवले होते, म्हणून तो वटला.